भोंग्याच्या तोंडाशी उभा बाजार

१३ मार्च २०२०, शुक्रवार. बाजार उघडून काही मिनिटे होतात न होतात, तोच निफ्टी दहा टक्क्यांहून अधिक कोसळला आणि सर्किट लागून व्यवहार पंचेचाळीस मिनिटे बंद पडले. असे बारा वर्षांनी घडत होते. याआधीची वेळ जानेवारी २००८ची. त्या क्षणी निफ्टी ८,५५५वर होता. व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि त्याच दिवशी निर्देशांक उसळून १०,१५९पर्यंत गेला, बंद झाला ९,९५५वर. तळापासून मोजले तर एका दिवसात चौदाशे अंशांची उडी. टीव्हीवरचे विश्लेषक 'बाजार सावरला' म्हणत होते. सोमवारी तो पुन्हा साडेसातशे अंशांनी पडला, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत ९,९५५ हा आकडा कोणाला दिसला नाही.

हा ९,९५५ आकडा योगायोगाने आलेला नव्हता. त्यामागे दोन वर्षांचा इतिहास होता आणि आलेखावर त्याला एक आकार होता. त्याला इंग्रजीत मेगाफोन म्हणतात, आपण भोंगा म्हणू. एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला फाकत गेलेला. भावाची शिखरे दरवेळी आधीच्या शिखरापेक्षा उंच, तळ दरवेळी आधीच्या तळापेक्षा खोल. शिखरांवरून एक रेषा ओढा, तळांवरून दुसरी, की दोन्ही रेषा उजवीकडे एकमेकींपासून दूर जाताना दिसतात. कधी त्यातली एक रेषा आडवी, सपाट असते आणि दुसरी तेवढी तिरकी. तोही याच कुळातला आकार. निफ्टीचा होता तो असा, सपाट तळाचा.

आलेख वाचणाऱ्यांना एरवी जे आकार आवडतात ते आवळत जाणारे. त्रिकोणात भाव हळूहळू अरुंद जागेत येतो. विकणारा थोडे खाली यायला तयार होतो, घेणारा थोडे वर जायला, आणि दोघांची किंमत जवळजवळ जुळते. भोंग्यात याच्या उलट होते. दिवस जातात तसे मतभेद वाढतात. भाव जुन्या शिखराच्या वर गेला की 'नवा उच्चांक' पाहून लोक आत येतात, आणि नेमके त्यांच्या मागून कोणीच येत नाही. भाव पडतो, जुन्या तळाखाली जातो, तिथे लावून ठेवलेले स्टॉपलॉस एकामागून एक लागतात, घाबरलेले विकून मोकळे होतात आणि तिथून तो पुन्हा वर उसळतो. प्रत्येक फेरीत ब्रेकआउटवर विश्वास ठेवणारा मार खातो. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी यांनी १९४८ साली आलेखशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात भोंग्याच्या शिखराबद्दल त्यांचे मत स्पष्ट आहे: जाणत्या, पैशाने भक्कम खरेदीदारांचा हात बाजारावरून सुटला आहे आणि सामान्य लोक उत्साहाच्या भरात आत उतरले आहेत. १९२९च्या न्यूयॉर्कमधल्या पडझडीआधी अनेक शेअरांत हा आकार दिसल्याचे त्यांनी नोंदवले होते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण मात्र मानसशास्त्राची नाही, साध्या हिशेबाची आहे. त्रिकोणात जसजसा वेळ जातो तसतसा स्टॉपलॉस जवळ येतो. भोंग्यात तो लांब जातो. मागच्या हेलकाव्याच्या मापाने ठरवलेला स्टॉपलॉस पुढच्या हेलकाव्यात हमखास लागतो, कारण पुढचा हेलकावा मोठाच असणार हे त्या आकाराचे लक्षणच आहे. या आकारात उतरायचे तर पहिला प्रश्न 'भाव कुठे जाईल' हा नसून 'माझी चूक कोणत्या भावाला सिद्ध होईल आणि तोवर किती पैसे गेलेले असतील' हा आहे. भोंगा या प्रश्नाचे उत्तर फार महाग देतो.

आता निफ्टीचा भोंगा पाहू. जानेवारी २०१८च्या अखेरीस निफ्टी ११,१७१वर होता. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर कर आला, पंजाब नॅशनल बँकेतला घोटाळा बाहेर आला, अमेरिका-चीन व्यापारयुद्धाची चाहूल लागली, आणि २३ मार्च २०१८ला निर्देशांक ९,९५२पर्यंत खाली आला. तिथून ऑगस्टअखेर ११,७६०, म्हणजे नवा उच्चांक. मग आयएलअँडएफएसचे हप्ते थकले, बिगरबँक वित्त कंपन्यांना कर्ज मिळेनासे झाले, कच्चे तेल महागले, रुपया घसरला. २६ ऑक्टोबरला निफ्टी १०,००५वर, जवळजवळ आधीच्याच तळावर. मे २०१९मध्ये निवडणुकीचा निकाल लागला आणि ३ जूनला १२,१०३. जुलैच्या अर्थसंकल्पात अतिश्रीमंतांवरचा अधिभार वाढला, त्यात परदेशी गुंतवणूकदारही सापडले, आणि ऑगस्टमध्ये निर्देशांक १०,६४०च्या आसपास आला. २० सप्टेंबरला कंपनीकर कमी झाला, एका दिवसात निफ्टी पाच टक्क्यांहून अधिक वर. २० जानेवारी २०२०ला १२,४३०.

ऑगस्ट २०१८, जून २०१९ आणि जानेवारी २०२० ही तीन शिखरे जोडली तर जवळपास सरळ रेषा मिळते. जानेवारी २०१८चे शिखर तिच्या थोडे खाली राहते. खऱ्या बाजारातले आकार पट्टीने आखलेले नसतात आणि ते तसे दिसावेत म्हणून रेषा ओढाताणीने बसवू नये. तळाशी दोन ठिपके आहेत, ९,९५२ आणि १०,००५. ही रेषा न मानता पट्टा मानावा, पन्नासेक अंशांचा. वर चढती रेषा, खाली सपाट पट्टा.

या आकारामागे खरोखरची अस्थिरता होती आणि ती निर्देशांकाच्या बाहेर पाहिली तरच दिसत होती. निफ्टी नवनवे उच्चांक करत होता त्या दोन वर्षांत मध्यम आणि लहान कंपन्यांचे निर्देशांक जानेवारी २०१८च्या आपल्या शिखराकडे परतलेच नाहीत. चार-सहा बडे शेअर सगळ्या निर्देशांकाला ओढून वर नेत होते. म्युच्युअल फंडांकडे दरमहा एसआयपीचा पैसा येत होता, तो दहा हजारांच्या आसपास भक्कम घेत होता, म्हणून तळ सपाट. वरच्या बाजूला मात्र खरेदी मोजक्या नावांतच होती, म्हणून प्रत्येक शिखर उंच असूनही पोकळ. आकाराने हे दाखवले, पण त्याचे कारण आकारात लिहिलेले नव्हते. ते शोधावे लागते.

जाता जाता एक गोष्ट. या आकाराबद्दल एक प्रचलित खूण आहे: भाव वरून खाली निघाला पण खालच्या रेषेपर्यंत न पोहोचताच मागे फिरला, तर ब्रेकआउट वरच्या बाजूने होण्याची शक्यता वाढते. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९मध्ये नेमके हेच घडले. १०,६४०वरून निफ्टी फिरला, दहा हजारांपर्यंत आलाच नाही. त्या खुणेवर विसंबून घेतलेल्यांनी १२,१०३ ओलांडताना आनंद केला असेल. पण तीन शिखरांच्या रेषेवरून निर्देशांक कधी ठामपणे वर निघाला नाही. खूण म्हणजे हमी नव्हे, हे दोन महिन्यांत कळले.

मग आला करोना. १२ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेच्या महासाथीच्या घोषणेनंतर निफ्टी ८६८ अंशांनी पडून ९,५९० वर बंद झाला. पट्टा तुटला. आता एक व्यापारी कल्पना करू, ज्याच्याकडे दहा लाखांचे भांडवल आहे आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे दहा हजार रुपये, गमवायची तयारी आहे. त्याने गुरुवारी बंद होताना निफ्टी फ्युचर विकला. (सोपे पडावे म्हणून फ्युचर आणि निर्देशांकाचा भाव एकच धरू.) स्टॉपलॉस कुठे? पट्ट्याच्या वर, थोडी मोकळीक ठेवून, १०,१००. सुमारे पाचशे अंश. त्या वेळी निफ्टीचा लॉट ७५चा होता, म्हणजे एका लॉटवर साधारण अडतीस हजारांचा धोका. त्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. आणि शुक्रवारी काय झाले? सकाळी त्याला प्रति लॉट पाऊण लाखाहून अधिक नफा दिसत होता, दुपारी १०,१५९च्या उसळीत तोच स्टॉपलॉस लागून तो अडतीस हजार घालवून बाहेर. दिशा बरोबर, सौदा तोट्यात.

आठवड्याच्या बंद भावावर चालणाऱ्याची वेगळीच पंचाईत. शुक्रवारचा बंद ९,९५५. पट्ट्याच्या खालच्या कडेपेक्षा तीन अंश वर. नियम काटेकोर पाळला तर पट्टा तुटलेलाच नाही.

माझ्या मते त्या दिवशी सौद्याची जागा हीच होती, पण ती ओळखायला पुलबॅक म्हणजे काय हे पक्के ठाऊक हवे. तुटलेली पातळी बहुतेकदा भाव खालून एकदा येऊन तपासतो. आधी जिथे घेणारे उभे होते तिथेच आता अडकलेले लोक 'निदान मुद्दल सुटले' म्हणून विकायला उभे असतात. त्यामुळे पाहायचे ते इतकेच, की भाव पट्ट्याच्या वर जाऊन तिथे टिकतो का. शुक्रवारी निर्देशांक पट्ट्याच्या दीडशे अंश वर जाऊन आला, पण बंद होताना पुन्हा पट्ट्यातच होता. इथे ९,९५५च्या आसपास विकायचे ठरवले, तर स्टॉपलॉस दिवसाच्या उच्चांकाच्या वर, १०,२००ला बसतो. अंतर २४५ अंश, एका लॉटवर सुमारे साडेअठरा हजार. गुरुवारच्या सौद्याच्या निम्म्याहून कमी. तरीही दहा हजारांच्या मर्यादेबाहेर, आणि समोर शनिवार-रविवार. सोमवारी बाजार पाचशे अंश वर उघडला असता तर स्टॉपलॉस कागदावरच राहिला असता. म्हणून दहा लाखवाल्यासाठी प्रामाणिक उत्तर असे होते, की हा सौदा त्याच्या आकाराचा नाही. वीस लाखवाल्यासाठी एक लॉट, त्याहून जास्त नाही. पुट घेऊन तोटा बांधून ठेवता आला असता, पण तोवर बाजारातली भीती मोजणारा इंडिया व्हीआयएक्स जानेवारीच्या तिपटीहून वर गेला होता, आणि प्रीमियमही त्याच मापाने फुगले होते. भीती स्वस्त असते तेव्हा कोणाला विमा सुचत नाही.

लक्ष्य कसे काढायचे याची रीत सोपी आहे. आकाराची जास्तीत जास्त उंची घ्यायची आणि तुटलेल्या पातळीतून वजा करायची. इथे १२,४३० वजा ९,९५२, म्हणजे २,४७८. ती ९,९५२ मधून वजा केली की येतात ७,४७४. २४ मार्चला निफ्टीचा तळ लागला ७,५११वर. इतके जुळलेले पाहून कोणीही हुरळून जाईल. जाऊ नये. हीच उंची टक्क्यांत मोजली, म्हणजे वीस टक्के, तर लक्ष्य ७,९६० च्या आसपास येते, आणि कोणते माप खरे हे आधी कोणी सांगू शकत नव्हते. अनेक आकार लक्ष्याच्या अर्ध्या वाटेवरूनच परततात. म्हणून जाणते लोक अर्ध्या उंचीवर, इथे साधारण ८,७००वर, निम्मा माल सोडवतात आणि उरलेल्यासाठी स्टॉपलॉस खाली आणत राहतात. ही पातळी १८ मार्चला मागे पडली. दोन दिवसांनी, २०ला, निफ्टी ८,७४५वर परतला, तेव्हा स्टॉपलॉस फार जवळ आणलेले बाहेर पडले. सोमवारी, २३ला, पुन्हा सर्किट लागून निर्देशांक ७,६१० वर बंद झाला. त्यातच २० तारखेच्या संध्याकाळी सेबीने डेरिव्हेटिव्हमधल्या शॉर्ट पोझिशनवर मर्यादा आणल्या आणि काही शेअरांवरचे मार्जिन वाढवले. अशा बाजारात नियमही वाटेत बदलतात, हेही हिशेबात धरावे लागते.

ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे काय? जूनच्या सुरुवातीला निफ्टी पुन्हा दहा हजारांवर होता, नोव्हेंबरमध्ये १२,४३० पार. ९,५९०ला घाबरून विकून, पातळी परत मिळाल्यावर जूनमध्ये घेणाऱ्याने उलट चार-पाच टक्के जास्त मोजले. एसआयपी चालू ठेवणाऱ्याला भोंगा कळला नाही तरी चालले. तुटलेला भोंगा दोन-चार आठवड्यांचा सौदा देतो, आणि त्यासाठी लागणारे भांडवल व काळीज दोन्ही असलेल्यालाच देतो.

भोंग्याचा चुलतभाऊ आहे डायमंड. आधी भाव भोंग्यासारखा फाकतो आणि मग त्रिकोणासारखा आवळतो, आकार शंकरपाळ्यासारखा होतो. बहुतेक वेळा तो जोरदार तेजीच्या शेवटी, थोड्या दिवसांत तयार होतो. फाकण्याचा अर्थ वर सांगितलाच. आवळण्याचा अर्थ असा की भांडण अजून मिटलेले नाही, पण भांडणारे थकले आहेत. उलाढाल फाकताना मोठी आणि वेडीवाकडी असते, आवळताना साधारणपणे कमी होत जाते. व्यापाऱ्याला डायमंड का बरा, ते एका कल्पित शेअरवर पाहू.

समजा शेअर महिनाभरात ३०० वरून ४२०ला गेला. तिथून ३९५, मग ४३२, मग ३८०. इथवर भोंगा. पुढे ४२५, ३८८, ४१५. आता शिखरे उतरत आहेत, तळ चढत आहेत. सर्वांत रुंद जागी अंतर ५२ रुपयांचे. मग एके दिवशी शेअर खालची चढती रेषा तोडून ३९२ला बंद झाला. स्टॉपलॉस शेवटच्या शिखराच्या जरा वर, ४१६. अंतर २४ रुपये. दहा हजारांच्या मर्यादेत साधारण चारशे शेअर बसतात. लक्ष्य ३९२ वजा ५२, म्हणजे ३४०. चोवीस गमावण्याची तयारी ठेवून बावन्नची आशा. निफ्टीच्या भोंग्यात मर्यादेत एक लॉटही बसत नव्हता. इथे आवळलेल्या उत्तरार्धामुळे चूक कुठे सिद्ध होणार ती जागा जवळ आली. खाली तेजी जिथून उभी चढली तिथपर्यंत फारसा आधारही नसतो, कारण चढताना भाव मध्ये कुठे थांबलेलाच नसतो. म्हणून डायमंड तुटला की घसरण बऱ्याचदा झपाट्याची होते. दोन-तीन दिवस जाऊनही भाव रेषेच्या आसपासच घुटमळत असेल, तर काहीतरी बिनसले आहे असे समजून स्टॉपलॉसची वाट न पाहता निघालेले बरे.

डायमंडचा मोठा धोका म्हणजे तो जिथे नाही तिथे दिसणे. वरच्या शेअरचीच शिखरे पुन्हा पाहा: ४२०, ४३२, ४२५. हे 'हेड अँड शोल्डर्स' नावाच्या प्रसिद्ध आकारासारखेही आहे. त्याची गळ्याची रेषा ३९५ आणि ३८० या तळांवरून उतरत गेली, तर ती तुटायला भाव आणखी खूप खाली यावा लागेल. डायमंड म्हणून पाहिले तर इशारा खूप आधी मिळतो, आणि मोह तिथेच होतो. एडवर्ड्स आणि मॅगी यांनी याच मोहाविरुद्ध सावध केले आहे. माझी पद्धत अशी: चारही बाजूंना निदान दोन-दोन ठिपके टेकत नसतील आणि आवळण्याचा भाग नीट घडलेला नसेल, तर त्याला डायमंड म्हणायचे नाही. अशा वेळी नवा शॉर्ट करण्याऐवजी हातातला माल थोडा हलका करावा.

आपल्याकडे आणखी एक व्यवहारी अडसर आहे. रोखीच्या बाजारात शेअर विकून शॉर्ट पोझिशन रात्रभर ठेवता येत नाही. त्याच दिवशी परत घ्यावा लागतो, नाहीतर लिलावाचा भुर्दंड बसतो. अनेक दिवसांचा मंदीचा सौदा करायचा तर त्या शेअरवर फ्युचर किंवा ऑप्शन हवेत, आणि ते मोजक्याच कंपन्यांवर असतात. लहान कंपन्यांचे शेअर, जिथे महिनाभरात चाळीस टक्क्यांची उभी तेजी आणि त्यानंतरचे डायमंड सर्वांत जास्त दिसतात, त्या यादीत सहसा नसतात. तिथे डायमंडचा उपयोग एकच, ३९२चा बंद भाव दिसला की आपल्या खात्यातले शेअर दुसऱ्या दिवशी सकाळी विकायचे. त्यातही लहान शेअरला लोअर सर्किट लागले तर समोर घेणाराच नसतो, आणि ३९२ला काढायचे ठरवलेले शेअर कधीकधी ३५०लाही निघत नाहीत.